वार खाली आहे म्हणून डॉक्टर म्हणाले "लांब राहा". म्हणजे नेमकं कशापासून आणि किती दिवस?

कृष्णाकाठची | ८ जुलै, रात्री ११:४०

धाग्याचा विषय जरा नाजूक आहे. घरात कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

पहिलंच बाळंतपण. तासगावात असतो. आता वीस आठवडे आणि चार दिवस झालेत. परवा सांगलीत अनॉमली स्कॅन झाला. बाळ सगळं व्यवस्थित आहे, पण रिपोर्टात लिहिलंय की वार मागच्या बाजूला असून खाली आहे, आणि तिची कड पिशवीच्या तोंडापासून १२ मिमीवर आहे. आमच्या मॅडमच्या ओपीडीला त्या दिवशी मरणाची गर्दी. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "जड उचलू नका, दगदग नको आणि मिस्टरांना सांगा जरा लांब राहा. बत्तिसाव्या आठवड्यात परत बघू." आणि पुढचा नंबर पुकारला.

तेव्हापासून आमचे अहो हॉलमध्ये झोपतात. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, भांडण झालं का म्हणून! काय सांगू?

मला विचारायचंय ते असं. एक, लांब म्हणजे किती लांब? शेजारी झोपायचं पण नाही का? दोन, हे बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत की बाळंत होईपर्यंत? तीन, हे कुणाजवळ बोलले नाहीये. तिसऱ्या महिन्यात एकदा आम्ही एकत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी डाग दिसला होता. दुपारपर्यंत थांबला. भीतीने मॅडमना सांगितलंच नाही. त्यामुळे वार खाली आली असेल का?

---

आक्का_कडेगाव | ९ जुलै, सकाळी ६:१५

अगं मग लांब राहा म्हणाल्यात तर माहेरी जा की सरळ. सातव्यापर्यंत कशाला थांबायचं. फक्त एसटीने जाऊ नको, विट्याच्या पुढे रस्ता उखडलाय सगळा. गाडी करून जा, पाठीला उशी घे.

---

कृष्णाकाठची | ९ जुलै, सकाळी ९:०२

आक्का, माहेर गावातच आहे माझं, दोन गल्ल्या सोडून 😀 मॅडम त्या लांबबद्दल नव्हत्या बोलत.

---

पेठेतला_बापू | ९ जुलै, सकाळी १०:३०

ताई, मी पुरुष माणूस, पण दोन मुलांचा बाप आहे म्हणून लिहितो. चूकभूल माफ करा. यात दोन गोष्टी असतात. पुरुषाच्या वीर्यात कळा आणणारा घटक असतो, डॉक्टर जी जेल लावून कळा सुरू करतात त्याच जातीचा. म्हणून सातव्या महिन्यानंतर कुणीच करू नये, हा साधा नियम. दुसरं म्हणजे वार खाली असेल तर पायाखाली उशा घेऊन पडून राहायचं. हळूहळू वर सरकते. आमच्या वहिनींची तशीच सरकली होती, दोन महिने पलंगावरून खाली उतरू दिलं नव्हतं त्यांना.

---

मिरजेची_सिस्टर | ९ जुलै, दुपारी ३:२०

चोवीस वर्षं लेबर रूममध्ये काढून गेल्या वर्षी निवृत्त झाले. सवडीने लिहिते.

कृष्णाकाठची, आधी तुझा तिसरा प्रश्न, कारण तोच तुला खातोय असं दिसतं. त्या डागामुळे वार खाली आलेली नाही. वार कुठे रुजायची ते गर्भ पिशवीत चिकटतो तेव्हाच ठरतं, तुला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. नंतर कुणी काही केलं म्हणून ती घसरून खाली येत नाही. आणि तो डाग बहुतेक पिशवीच्या तोंडावरचा असणार. दिवस गेल्यावर त्या तोंडाला रक्तपुरवठा इतका वाढतो की ते मऊ आणि लालबुंद होतं, नुसता स्पर्श झाला तरी किंचित रक्त येतं. फिकट गुलाबी किंवा तपकिरी, थोडंसं, दिवसभरात आपोआप थांबणारं. आमच्याकडे आठवड्याला एक तरी नवी नवरी रडत यायची याच कारणासाठी. तरी तो डाग डॉक्टरांच्या कानावर घालायला हवाच होता. अजूनही सांग. आणि तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे का ते कार्डावर बघ, त्याचं कारण पुढे सांगते.

आता वार. बापूंच्या वहिनींची वार वर गेली हे खरं, पण उशांनी गेली नाही. ती पलंगावर न झोपता शेतावर गेली असती तरी बहुधा गेलीच असती. भोगीला बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो ना, ते बघ डोळ्यासमोर आणून. थापायला घेताना दोन तीळ शेजारीशेजारी असतात. भाकरी थापत जाशील तसे ते लांब जातात. तीळ जागचे हलले नाहीत, मधलं पीठ ताणलं गेलं. विसाव्या आठवड्यात पिशवीचा खालचा भाग जेमतेम तयार झालेला असतो. पुढच्या तीन महिन्यांत तोच सगळ्यात जास्त ताणतो. त्यामुळे वारेची कड आणि पिशवीचं तोंड यातलं अंतर वाढत जातं. वीस आठवड्यांना खाली दिसलेल्या दहातल्या नऊ जणींची शेवटच्या तिमाहीत वर असते. मागच्या बाजूची वार पुढच्या बाजूच्या वारेपेक्षा जरा रेंगाळते, आणि अगोदर सिझर झालेलं असेल तर जास्त लक्ष ठेवावं लागतं. तुझं पहिलंच आहे, म्हणजे ती काळजी नाही.

---

मिरजेची_सिस्टर | ९ जुलै, दुपारी ३:५५

नातू उठला म्हणून अर्धवट सोडलं होतं. लांब राहा म्हणजे काय ते राहिलं.

वार खाली असताना भीती एकाच गोष्टीची, रक्तस्रावाची. वारेच्या कडेजवळ रक्ताने भरलेल्या जागा असतात. ती कड तोंडाच्या जवळ किंवा तोंडावर असेल आणि तिथे धक्का लागला किंवा तोंड जरा जरी उघडलं, तर तेवढा भाग सुटून भळाभळा रक्त येऊ शकतं. म्हणून योनीत काही जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्या सांगण्याचा गाभा. लिंग नाही, बोट नाही. आम्हीसुद्धा लेबर रूममध्ये अंगावरून रक्त जाणारी बाई आली की वार कुठे आहे हे सोनोग्राफीत बघितल्याशिवाय हात घालून तपासत नव्हतो. नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी हे बजावून सांगायचे.

यात शेजारी झोपणं, मिठी, मुका, पाठ चोळणं यातलं काहीच येत नाही. तुझ्या अहोंना हॉलमधून आत बोलव. बिचारा डास चावून घेत असेल.

---

कृष्णाकाठची | ९ जुलै, रात्री १०:१०

सिस्टर, वाचता वाचता रडले मी. तीन महिने तो डाग मनात धरून बसले होते. कार्ड बघितलं, ओ पॉझिटिव्ह आहे.

अहोंना हे वाचायला दिलं. गुपचूप उशी घेऊन आत आले.

---

सोनोवाला_कराड | १० जुलै, दुपारी १:१५

रेडिऑलॉजिस्ट आहे. सिस्टरांशी बऱ्याच अंशी सहमत. दोन गोष्टी माझ्या बाजूने.

तो १२ मिमीचा आकडा मोजताना लघवी तुंबलेली होती का? आपल्याकडे पेशंटला अर्धा तांब्या पाणी पाजून बाकावर बसवतात. भरलेलं मूत्राशय पिशवीच्या खालच्या भागाला दाबतं, तोंडाजवळचा भाग लांबट दिसतो आणि वर असलेली वारही खाली वाटते. पोटावरून केलेल्या स्कॅनमध्ये मागच्या बाजूची वार तशीही नीट दिसत नाही, बाळाचं डोकं आड येतं. अंतर खात्रीने मोजायचं तर लघवी करून येऊन आतून सोनोग्राफी करावी लागते. यावर बायका घाबरतात, की आत काही घालू नका म्हणता आणि तुम्हीच प्रोब घालता. तो प्रोब तोंडाला भिडवत नाहीत, दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबवून कोनातून बघतात. वार खाली असताना ती तपासणी सुरक्षित आहे.

दुसरं, इथे मी सिस्टरांपेक्षा थोडा सैल आहे. वार तोंड झाकून बसली असेल किंवा एकदा जरी रक्त गेलं असेल, तर संबंध बंद, यात वाद नाही. पण विसाव्या आठवड्यात १२ मिमी, कधी रक्तस्राव नाही, अशा बाईला तीन महिने बंदी घालून फायदा होतो असं दाखवणारा भक्कम अभ्यास माझ्या वाचनात नाही. काही डॉक्टर अशांना काहीच सांगत नाहीत.

---

मिरजेची_सिस्टर | १० जुलै, संध्याकाळी ७:४०

डॉक्टर, अभ्यास नाही हे मान्य. पण रात्री अडीच वाजता रक्ताने माखलेली साडी गुंडाळून जीपमधून उतरवलेली बाई तुम्ही तुमच्या खोलीत बघत नाही, आम्ही बघतो. गावापासून रक्तपेढी किती लांब आहे हाही हिशोब असतो. मिरजेत राहणारीला आणि जतच्या आतल्या वाडीवरच्या बाईला मी एकच सल्ला देणार नाही.

---

सोनोवाला_कराड | १० जुलै, रात्री ९:०५

हा मुद्दा मान्य. अंतराचा विचार मी केला नव्हता.

---

वाईवाली | ११ जुलै, सकाळी ११:३०

माझं वेगळं होतं, तरी लिहिते. पहिलं बाळ साडेपाचव्या महिन्यात गेलं, कळा न येताच. दुसऱ्या वेळी डॉक्टर दर पंधरा दिवसांनी पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायचे. ती २५ मिमीच्या खाली आली तेव्हा टाका घातला. टाका असताना संबंध पूर्ण बंद सांगितले, टाका काढेपर्यंत. सदतिसाव्या आठवड्यात काढला. मुलगी आता दुसरीत आहे.

त्या काळात नवरा एकदा म्हणाला, "मला काही नको, तू फक्त अशी उसासे टाकत भिंतीकडे तोंड करून झोपू नकोस." मला वाटायचं त्याला राग येतोय, त्याला वाटायचं मला त्याचा हातही नको आहे. आठ-दहा दिवस असेच गेले. तेव्हा कृष्णाकाठची, जे काय आहे ते बोलून टाका एकमेकांशी.

बापूदादा, तुमचा सातव्या महिन्याचा नियम मात्र मला कुणीच सांगितला नव्हता.

---

पेठेतला_बापू | ११ जुलै, दुपारी १२:१०

पण वीर्यातल्या घटकाचं तर खरं आहे ना? मी कुठेतरी वाचलंय.

---

मिरजेची_सिस्टर | ११ जुलै, दुपारी ४:३०

घटक असतो, ते खरं. पण तुम्ही म्हणता त्या जेलमध्ये औषध म्हणून लागणारी मात्रा असते आणि ते बाळंतपणाच्या दिवसांत, तयारी असलेल्या तोंडाजवळ लावलेलं असतं. साध्या, निरोगी गर्भारपणात संबंधांमुळे बाळ लवकर होतं असं दिसलेलं नाही. उलट नववा भरलेल्या बायका मला विचारायच्या, "सिस्टर, यानं कळा येतील का?" त्यानेही हमखास येत नाहीत.

संबंधानंतर पोट दगडासारखं कडक होतं, पाच-दहा मिनिटांत सैल पडतं, ते नेहमीचं आहे. कडक होणं थांबेना, ठरावीक वेळाने येऊ लागलं, कंबर भरून आली, तर मात्र दवाखाना गाठायचा. ज्यांना आधी वेळेपूर्वी बाळंतपण झालंय, ज्यांना आत्ता मुदतीआधी कळा येऊन गेल्यात, ज्यांचं पाणी गेलंय किंवा झिरपतंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. पाणी गेल्यावर तर अजिबातच नाही, जंतू थेट आत जायला वाट मोकळी असते.

---

रात्रपाळीवाला | १२ जुलै, सकाळी ७:२०

कुपवाड एमआयडीसीत आहे, पाळीवरून आत्ताच आलो. बायकोला तिसावा आठवडा. वार वर आहे, बाकी काही त्रास नाही, डॉक्टरांनी काही मनाई केलेली नाही. तिची इच्छा असते, मीच मागे सरतो. बाळाला लागेल असं वाटतं. एकदा तर नेमकं त्या वेळी बाळाने लाथ मारली, मी तिथेच थांबलो. हसू नका.

---

वाईवाली | १२ जुलै, सकाळी १०:००

हसत नाही, पण थोडं हसले 😄

---

मिरजेची_सिस्टर | १२ जुलै, दुपारी २:४५

बाळ पाण्याच्या पिशवीत, ती जाड स्नायूंच्या गर्भाशयात, आणि गर्भाशयाचं तोंड बंद, वर चिकट बुच लागलेलं. तुम्ही तिथपर्यंत पोहोचत नाही, दादा. बाळ लाथ मारतं कारण आईच्या हृदयाचे ठोके वाढतात, ती हलते. तिने जिना चढला तरी मारतं. तिसाव्या आठवड्यात तिला उताणं झोपवून वर वजन टाकू नका, एवढं बघा. कुशीवर, पाठीमागून, किंवा ती वर, तिला सोसेल तसं. ती म्हणेल थांब, तेव्हा थांबायचं.

एक सांगते, इथे पुरुष वाचतायत म्हणून. तोंडाने करत असाल तर योनीत हवा फुंकायची नाही, गर्भारपणात ते जिवावर बेतू शकतं. आणि कुणाला संबंधांतून लागणारा संसर्ग असेल किंवा तशी शंका असेल तर निरोध वापरायचाच.

---

कृष्णाकाठची | १२ जुलै, रात्री ११:५५

सिस्टर, अजून एक. विचारायला लाज वाटते. आत काही गेलं नाही, पण मला तो, म्हणजे शेवटचा आनंद झाला, तर पिशवी आवळते ना? ते चालतं का वार खाली असताना?

---

मिरजेची_सिस्टर | १३ जुलै, दुपारी १:३०

लाजू नकोस, पण याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पिशवी आवळते हे खरं. वार तोंडावर असेल तर काही डॉक्टर तेही नको म्हणतात, काही म्हणतात हरकत नाही. डॉक्टर, तुमचं काय मत?

---

सोनोवाला_कराड | १३ जुलै, रात्री ८:२०

माझा प्रांत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. १२ मिमी आणि रक्त नाही, अशा केसमध्ये मी व्यक्तिशः काळजी केली नसती. पण मी त्यांचा डॉक्टर नाही.

---

कृष्णाकाठची | १८ जुलै, दुपारी ४:००

नऊ तारखेला इथल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होती, तिथे नणंदेला घेऊन गेले होते. तेव्हा लिहायचं राहिलं. तिथल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, त्यांनीही बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत संबंध नको म्हटलं. काल आमच्या मॅडमकडे गेले, या वेळी अहोंना बरोबर नेलं आणि प्रश्न कागदावर लिहून नेले. डागाचं सांगितलं. त्यांनी आत स्पेक्युलम लावून तोंड बघितलं, लालसर आहे पण काही नाही म्हणाल्या. माझा शेवटचा प्रश्न अहोंनीच विचारला! मॅडम म्हणाल्या, तेवढं चालेल, पण नंतर रक्त दिसलं तर बंद.

---

मिरजेची_सिस्टर | १८ जुलै, संध्याकाळी ६:१०

शाब्बास तुझ्या अहोंची. आता रक्त दिसलं तर काय, तेवढं ऐकून ठेव.

वार खालची असताना येणारं रक्त लालभडक असतं आणि बहुतेक वेळा दुखत नाही. तिथेच बायका फसतात. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत बघू म्हणतात. तू बघत बसू नकोस. पॅड लाव, कुशीवर झोप, १०८ ला फोन कर किंवा गाडी काढा. पॅड टाकून देऊ नकोस, बरोबर घे, किती भिजलाय ते डॉक्टरांना दिसू दे. स्कॅनचा रिपोर्ट आणि कार्ड दाराजवळच्या पिशवीत ठेव. तपासणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं, की माझी वार खाली आहे.

रक्तगट निगेटिव्ह असलेल्यांसाठी म्हणून तेव्हा विचारलं होतं. रक्त गेल्यावर त्यांना अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागू शकतं, तेव्हा गट आधी सांगायचा. आणि असं रक्त काहीही न करतासुद्धा येतं, भांडी घासताना, झोपेत. तेव्हा नवऱ्याकडे बोट दाखवायचं नाही आणि स्वतःकडेही नाही.

---

आक्का_कडेगाव | १९ जुलै, सकाळी ६:४०

आत्ता कळलं गं बाई मला कशापासून लांब ते. आमच्या वेळी सासू मध्ये झोपायची, प्रश्नच नव्हता.

---

कृष्णाकाठची | २८ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. आज बत्तीस आठवडे दोन दिवस. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं लघवी करून गेले आणि आतून स्कॅन करायला सांगितलं. वारेची कड तोंडापासून ३४ मिमीवर. मॅडम म्हणाल्या २० च्या वर गेलं की खालची वार म्हणत नाही, आता नॉर्मल बाळंतपणाला वारेची आडकाठी नाही, बंदी पण उठली. मध्ये एकदाही रक्त दिसलं नाही.

आता गंमत अशी की बंदी उठली आणि मला पोटाच्या ओझ्याने कूस बदलायला दहा मिनिटं लागतात. इच्छाच होत नाही. अहो म्हणाले, पाय चेपून देऊ का. मी म्हटलं, द्या.

---

भिलवडीची_स्वाती | २९ सप्टेंबर, सकाळी ११:२०

हा धागा शोधत शोधत आले. मलाही बत्तिसावा चालू आहे, दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर. माझी वार पुढच्या बाजूला आहे आणि आज ८ मिमी निघाली. डॉक्टरांनी छत्तिसाव्यात परत बोलावलंय आणि कोल्हापूरला अजून एक स्कॅन करून घ्या म्हणालेत. तोवर संबंध नाहीच. माझीही वर जाईल ना?

---

मिरजेची_सिस्टर | २९ सप्टेंबर, दुपारी ३:१०

स्वाती, तुला कृष्णाकाठचीचं उत्तर लावू नकोस. अगोदरचं सिझर आणि पुढच्या बाजूची खालची वार म्हटल्यावर ती जुन्या टाक्यांच्या व्रणात रुजली आहे का ते बघायचं असतं, म्हणूनच दुसरा स्कॅन सांगितलाय. तो या आठवड्यातच कर, पुढे ढकलू नकोस. तुझा रक्तगट कोणता? आणि घरात तुझ्या गटाचं कोण आहे?